स्वप्नात झुरळं का येतात? किळस, भीती आणि झोपेतला मेंदू

मालेगावच्या एका आपांना मागच्या वर्षी एकच स्वप्न आठवड्यातून तीन-चार वेळा पडायचं. फजरच्या आधी उठून त्या स्वयंपाकघरात जातात, पिठाचा डबा उघडतात आणि पिठातून झुरळं वर येऊ लागतात. एक, दोन, मग मोजता येणार नाहीत इतकी. हातावर चढतात, झटकली तरी बोटांना चिकटून राहतात. घामाघूम होऊन त्या जाग्या व्हायच्या आणि आधी जाऊन हात धुवायच्या.

घरात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं, किडे दिसले म्हणजे दुश्मन. कुणाला आठवलं की तो डबा जावेने दिला होता. झालं! जावेशी बोलणं तुटलं, एका आमिलकडे साडेतीन हजार रुपये गेले आणि घरात ताविज आला. स्वप्न मात्र तसंच सुरू राहिलं.

आता त्या दिवसांत घरात काय चाललं होतं ते पाहा. आपांच्या सासूबाईंना शुगर, पायाला जखम झालेली आणि ती भरत नव्हती. रोज सकाळी ड्रेसिंग आपाच करायच्या. जखमेचा वास नाकातून जायचा नाही. जेवताना घास घशाखाली उतरायचा नाही. आणि हे कुणाला सांगायचं कसं? आईसारख्या सासूची किळस येते, असं कोणती सून तोंडाने बोलेल?

किळस म्हणजे नेमकं काय?

भीती आणि किळस आपण एकाच पिशवीत टाकतो, पण दोघींची कामं वेगळी आहेत. भीती सांगते, ‘पळ, हे तुला मारेल.’ किळस सांगते, ‘लांब राहा, हे तुला लागेल.’ कुजलेलं अन्न, पू, विष्ठा यांपासून माणसाला दूर ठेवणं हे किळसेचं मूळ काम. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ही यंत्रणा शंका आली तरी धोक्याची घंटा वाजवते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पूर्ण निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ लोकांसमोर सरबताच्या ग्लासात बुडवून काढलं. आता या सरबतातून आजार होणार नाही, हे लोकांना माहीत होतं. तरीही ते त्यांना नकोसं झालं. किळसेच्या हिशेबात एकदा स्पर्श झाला की वस्तू बाटली. नंतर कितीही समजावलं तरी मन मानत नाही.

झुरळ या भावनेचं अगदी नेमकं चित्र आहे. ते मोरीतून, गटारातून येतं आणि थेट अन्नापर्यंत पोहोचतं. अंधारात फिरतं, एक दिसलं की आत अजून असणार हे आपल्याला ठाऊक असतं. झुंडीचं तर विचारूच नका. एका सापापासून मागे सरकता येतं, पण शेकडो किड्यांपासून कुठे सरकणार?

कोळ्याचं प्रकरण जरा निराळं आहे. तो कीटक नाही, त्याला आठ पाय असतात, आणि बहुतेक जातींचे कोळी माणसाला काहीच करत नाहीत. तरी अनेकांना त्याची धडकी भरते. ब्रिटिश संशोधक ग्रॅहम डेव्ही यांनी 1990 च्या दशकात दाखवलं की कोळ्याच्या भीतीतही किळसेचा वाटा असतो. ज्यांना एरवी किळस जास्त वाटते, त्यांच्यात कोळ्याची भीतीही जास्त आढळते. म्हणजे आपण चावण्याला जेवढे घाबरतो, तेवढेच त्याच्या अंगावर येण्याला, स्पर्शाला घाबरतो.

मग झोपेत काय होतं?

बहुतेक ठसठशीत स्वप्नं ज्या झोपेत पडतात तिला ‘रेम’ झोप म्हणतात. पहाटेकडे तिचे टप्पे लांबत जातात, म्हणूनच वाईट स्वप्नं बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात पडतात. या वेळी मेंदूतला भावना पेटवणारा भाग, अमिग्डाला, जोरात काम करतो आणि तर्काने तपासणारा कपाळामागचा भाग मंद असतो. भावना जागी असते, पण ‘अगं, हे खरं नाही’ असं सांगणारा झोपलेला असतो.

अशा वेळी मेंदू भावनेला चित्र देतो. आपांच्या मनात दिवसभर तीन गोष्टी साचत होत्या: हाताला काहीतरी लागलंय, ते जात नाही, आणि ते अन्नापर्यंत येतंय. पिठाचा डबा, झुरळं आणि हात यांत तिन्ही जशाच्या तशा दिसतात. यात जाऊ कुठेच नाही. अर्थात, दुसऱ्या कुणाला हेच स्वप्न दुसऱ्या कारणाने पडू शकतं. झुरळाचा एकच ठरलेला अर्थ सांगणारी यादी म्हणूनच फसते.

आपल्याकडे हदीसमध्ये स्वप्नांचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यातला एक म्हणजे माणसाच्या स्वतःच्या मनातल्या गोष्टी. वाईट स्वप्न पडलं तर अल्लाहची पनाह मागावी, कूस बदलावी आणि ते लोकांना सांगत फिरू नये, अशीही शिकवण आहे. आपांच्या घरात नेमकं उलटं झालं: स्वप्न दहा जणांत गेलं आणि दहा ताबीर होऊन परत आलं.

काय करता येतं?

वारंवार येणाऱ्या वाईट स्वप्नांवर ‘इमेजरी रिहर्सल’ नावाची साधी पद्धत वापरतात. स्वप्न दिवसा, जागेपणी लिहून काढायचं. मग त्यातला कुठलाही भाग आपल्याला हवा तसा बदलायचा आणि नवं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांसमोर आणायचं. जुनं स्वप्न घोकायचं नाही.

आपांनी एका समुपदेशकाच्या मदतीने हे केलं. त्यांच्या नव्या स्वप्नात डबा उघडला की पीठ स्वच्छ असतं, चाळणीतून ते पांढरंशुभ्र खाली पडतं आणि सासूबाई शेजारी बसून चहा पितात. तीन आठवड्यांत स्वप्न आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलं. दुसरा बदलही झाला. नवऱ्याने एक दिवसाआड ड्रेसिंग हातात घेतलं. आणि आपांना कळलं की किळस म्हणजे नफरत नव्हे. ती शरीराची सवय आहे, नीयत नाही. किळस येऊनही रोज त्या पायापाशी बसत होत्या, हेच खरं.

काही गोष्टी मात्र स्वप्न समजून सोडू नयेत. डोळे उघडल्यावरही भिंतीवर कोळी दिसतो आणि दिवा लावताच नाहीसा होतो, असं थकव्यात एखाद्या वेळी होऊ शकतं. पण वारंवार होत असेल, किंवा ब्लड प्रेशरची बीटा ब्लॉकर प्रकारची गोळी सुरू केल्यावर झालं असेल, तर डॉक्टरांना सांगा. गोळी मनाने बंद करू नका. दारू अचानक सोडलेल्या माणसाला जागेपणी अंगावर किडे दिसू लागले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, ते जिवावर बेतू शकतं. आणि रात्री अंगावर खरंच काही चालल्यासारखं वाटत असेल, तर आधी गादीच्या शिवणी तपासा. कधीकधी ढेकूणच असतात.

जावेचं काय झालं? आपाच ईदला तिच्या घरी गेल्या. शीरखुर्म्याचा डबा घेऊन.