‘ळ’ कुठे बसतो?

संपादकांनी यंदा ‘शोधाच्या पद्धतींचा आढावा’ मागितला. पूर्ण आढावा घ्यायचा तर हॅशिंग, झाडं, निर्देशांक असं सगळं आलं. त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा उत्साहीही आहेत. मी आपला बायनरी सर्चपाशीच थांबणार. चाळीस वर्षं एकाच दहा ओळींशी भांडल्यावर माणसाला तेवढा हक्क मिळतो, असं मी धरून चालतो.

इतिहास झटपट उरकू. जॉन मॉचली यांनी १९४६ मध्ये मूर स्कूलच्या व्याख्यानांत ही पद्धत सांगितली. तरी कितीही लांबीच्या यादीवर बिनचूक चालेल अशी तिची छापील मांडणी यायला साठचं दशक उजाडलं, असं क्नूथ यांनी नोंदवून ठेवलंय. जॉन बेंटली कसलेल्या प्रोग्रामरांना दोन तास देऊन हाच प्रोग्राम लिहायला लावत आणि दहातल्या नऊ जणांचा चुकत असे. १९८८ मध्ये रिचर्ड पॅटिस यांनी २० पाठ्यपुस्तकं तपासली, त्यांपैकी ५ पुस्तकांतला प्रोग्राम बरोबर निघाला. पुढे २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केलं की जावाच्या ग्रंथालयात त्यांनी स्वतः लिहिलेला, बेंटलींच्या वळणावर गेलेला बायनरी सर्चसुद्धा सुमारे ९ वर्षं चुकीचा होता. `low + high` ही बेरीज २१४७४८३६४७ च्या पुढे गेली की ऋण होते आणि मधला क्रमांक यादीबाहेर पडतो. उपाय एका ओळीचा आहे: `low + (high - low) / 2`. या बगाची कीर्ती फार झाली, पण तो भेटायला यादीत शंभर कोटींहून जास्त नोंदी लागतात. माझ्या आयुष्यात एवढी मोठी यादी आली नाही. मला छळलं ते दुसऱ्याच गोष्टींनी, आणि त्यांची कीर्ती कुणी केली नाही.

आधी माझा जुना हट्ट सांगतो. वर्गात हा प्रोग्राम तीन फाट्यांनी शिकवतात: मधला शब्द सापडला तर थांबा, लहान असेल तर उजवीकडे जा, मोठा असेल तर डावीकडे जा. दिसायला हे सरळ आहे, आणि हेच बरोबर असं ठासून सांगणाऱ्या एका विद्वानांशी माझं एका परिसंवादात चहा गार होईपर्यंत वाजलं होतं. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की ‘सापडला का?’ हा प्रश्न लूपच्या आत विचारूच नये. आत एकच प्रश्न असावा: हा शब्द माझ्या शब्दाच्या आधीचा आहे का? उत्तर हो किंवा नाही. आपण शोधतो ती पहिल्या ‘नाही’ची जागा.

```python
def pahila(a, x):
    lo, hi = 0, len(a)
    while lo < hi:
        mid = (lo + hi) // 2
        if a[mid] < x:
            lo = mid + 1
        else:
            hi = mid
    return lo
```

यात `hi` हा शेवटच्या घराचा क्रमांक नाही, त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेचा आहे. पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत दोन वाक्यं खरी राहतात: `lo` च्या डावीकडे सगळे ‘हो’, आणि `hi` पासून उजवीकडे सगळे ‘नाही’. मधला अज्ञात तुकडा दर फेरीला आक्रसतो, कारण `mid` नेहमी `hi` पेक्षा लहान असतो. त्यामुळे `lo` पुढे सरकतो किंवा `hi` मागे येतो. कुणी `lo = mid + 1` मधला `+ 1` गाळला तर काय होतं ते पाहा. `lo` ३ आणि `hi` ४ असेल तर `mid` पुन्हा ३ येतो, `lo` पुन्हा ३ होतो, आणि यंत्र संध्याकाळपर्यंत तिथेच गिरक्या घेतं. लांब यादीवर तपासून हे कळेलच असं नाही. शून्य, एक, दोन आणि तीन नोंदींच्या याद्यांवर ताबडतोब कळतं. लूप संपल्यावर `lo` यादीच्या आत आहे का आणि तिथला शब्द आपलाच आहे का, हे एकदा पाहायचं. शब्द तीनदा आला असेल तरी पहिलाच हाती लागतो, आणि यादीत नसेल तर तो कुठे घालायचा ती जागा फुकट मिळते. तीन फाट्यांच्या प्रोग्रामला हे दोन्ही सहजासहजी जमत नाही. त्या विद्वानांनी हे अजून मान्य केलेलं नाही.

आता यादी आधी क्रमाने का लावायची, याकडे येतो. याचं उत्तर बहुतेक ठिकाणी टेलिफोन डिरेक्टरीच्या दाखल्यात उरकतात. ज्यांनी डिरेक्टरी पाहिलेलीच नाही त्यांनाही तोच दाखला देतात. मुद्दा असा की मधला एक शब्द पाहून आपण अर्धी यादी न पाहता टाकून देतो. टाकलेल्या अर्ध्या भागाबद्दल आपल्याकडे कसलाही पुरावा नसतो. असतो तो फक्त विश्वास, की मधल्याचं उत्तर ‘हो’ आलं तर त्याच्या डावीकडच्या सगळ्यांचंही ‘हो’ असणार, आणि ‘नाही’ आलं तर उजवीकडच्या सगळ्यांचं ‘नाही’. उत्तरांची रांग ‘हो हो हो नाही नाही’ अशी असली पाहिजे आणि ती एकदाच बदलली पाहिजे. क्रम लावल्याने आपल्याला मिळतं ते एवढंच. पण हा ‘हो’ किंवा ‘नाही’ ठरवतं कोण? तर कोडमधलं ते `<` चिन्ह. म्हणजे यादी क्रमाने असून भागत नाही, ती त्याच `<` च्या क्रमाने असावी लागते.

हे मी पुस्तकात शिकलो नाही. एका तालुक्याच्या गावातल्या ग्रंथालयाची कार्डं संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे आलं होतं. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी हजारो कार्डं हाताने लावलेली होती. ती त्याच क्रमाने टंकून घेतली आणि वर माझा लाडका प्रोग्राम बसवला. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला, “सर, पुस्तक माझ्या हातात आहे आणि तुमचं यंत्र म्हणतंय ते ग्रंथालयात नाही.” मी म्हणालो, “कार्ड चुकीच्या जागी लागलं असेल.” पलीकडे जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. मग त्या म्हणाल्या, “माझी कार्डं चुकत नाहीत.”

आणि खरंच चुकली नव्हती. शाळेत शिकवलेल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो, आणि त्याच्यामागून ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’. बाईंनी कार्डं तशीच लावली होती. युनिकोडने मात्र आपल्या आधीच्या इस्की या भारतीय मानकाची मांडणी उचलली आहे, आणि तिथे सगळ्या भारतीय लिप्यांना एकच साचा असल्याने ‘ळ’ ची जागा ‘ल’ च्या शेजारी, ‘व’ च्या आधी आहे. कोडमधलं साधं `<` हाच क्रम जाणतं. बाईंचा क्रम एक आणि यंत्राचा दुसरा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

नऊ शब्दांची यादी घेऊन बघू. ० पासून ८ पर्यंतच्या घरांत शाळेच्या क्रमाने हे शब्द आहेत: कण, कप, कर, कल, कवच, कस, कहर, कळ, कळस. आता ‘कळस’ शोधा. मधलं घर ४, तिथे ‘कवच’. यंत्राच्या लेखी ‘व’ हा ‘ळ’ च्या नंतरचा, म्हणून उत्तर ‘नाही’, आणि घर ४ पासून पुढचा सगळा भाग बाद. ‘कळस’ त्याच भागात बसलेला आहे! पुढे घर २ मधला ‘कर’ आधीचा, घर ३ मधला ‘कल’ आधीचा, म्हणून `lo` येऊन ४ वर थांबतो. तिथे ‘कवच’, म्हणजे आपला शब्द नाही. निकाल: यादीत नाही.

इथवर वाटतं की ‘ळ’ असलेल्या शब्दांचीच ही अडचण असावी. मलाही तसंच वाटलं होतं, आणि तेवढ्या शब्दांची वेगळी सोय करून मी मोकळा होणार होतो. पण ‘कस’ शोधून बघा. घर ४ मधला ‘कवच’ आधीचा, म्हणून `lo` ५ होतो. मधलं घर आता ७, तिथे ‘कळ’. यंत्राच्या लेखी ‘ळ’ हा ‘स’ च्या आधीचा, म्हणून उत्तर ‘हो’, आणि घर ७ पर्यंतचा सगळा भाग बाद. त्यातच घर ५ मधला ‘कस’ गेला. उरलेला ‘कळस’ सुद्धा आधीचा ठरतो, `lo` ९ वर पोचतो, यादी संपते. ‘कस’ मध्ये ‘ळ’ नाही, पण शोधाच्या वाटेवर ‘ळ’ बसला होता. ‘कस’ साठी सगळ्या घरांची उत्तरं लिहून काढली की रोग दिसतो: पाच ‘हो’, दोन ‘नाही’, पुन्हा दोन ‘हो’. रांग दोनदा बदलली. नऊ शब्दांपैकी पाच सापडतात. कस, कहर, कळ आणि कळस हे चार हरवतात. मूळ यादीत एकही शब्द चुकीच्या घरात नसताना!

यातली वाईट गोष्ट म्हणजे यंत्र कसलीही तक्रार करत नाही. प्रोग्राम कोसळत नाही, संदेश येत नाही. असलेल्या पुस्तकाला ‘नाही’ म्हणतो आणि बरीचशी पुस्तकं बरोबर दाखवून आपला विश्वास संपादन करतो. कोबॉलमध्ये `SEARCH ALL` लिहिणाऱ्या आमच्या पिढीला ही ठेच जुनी होती. तक्ता चढत्या क्रमाने आहे असं आपण लिहून द्यायचं, यंत्र तो तपासत नसे. मेनफ्रेमच्या एब्सिडिकमध्ये अक्षरं आधी आणि अंक नंतर, तर आस्कीमध्ये अंक आधी. टेप एका यंत्रावरून दुसऱ्यावर आली की अक्षरं आणि अंक मिसळलेले खातेक्रमांक असेच गायब होत. तरीही ग्रंथालयात मी पुन्हा तीच ठेच खाल्ली, ते सोडा.

यावर आजची तरुण मंडळी काय करतात? प्रत्येक शोधाच्या आधी `sort` मारून मोकळी होतात. एक लाख नावांची यादी क्रमाने लावायला साधारण १७ लाख तुलना लागतात. नुसतं पहिल्यापासून शोधत गेलं तर सरासरी ५० हजारांत काम होतं. म्हणजे लावण्याचा खर्च भरून निघायला एकाच यादीत तीसचाळीस शोध व्हायला हवेत. एकदा लावा आणि हजारदा शोधा, मग प्रत्येक शोध १७ तुलनांचा. प्रत्येक वेळी लावून एकदा शोधायचं, तर बायनरी सर्च कशाला लिहिला? दुसरे काही शहाणे शोधाआधी सगळी यादी चालून ‘क्रमाने आहे ना?’ हे पाहतात. सतरा पावलांच्या शोधासाठी आधी एक लाख पावलं चालायची, हा हिशोब मला कळलेला नाही. ती तपासणी यादी भरताना एकदाच करावी. आणि तीही शोधात वापरायच्या त्याच तुलनेने करावी. बाईंच्या यादीत घर ६ आणि घर ७ ची जोडी तिने लगेच पकडली असती.

शेवटी मी केलं ते असं: प्रत्येक अक्षराला वर्णमालेतला क्रमांक देणारा एक तक्ता बनवला, शब्दाचं क्रमांकांत रूपांतर करणारं एक फंक्शन लिहिलं, आणि लावताना व शोधताना दोन्हीकडे तेच वापरलं. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांनी थोडं रडवलं, कारण यंत्राला ती जोडाक्षरं म्हणजे ‘क’ आणि ‘ज’ ची पिल्लं. आता पायथॉनच्या `bisect` मध्ये आवृत्ती ३.१० पासून `key` देता येते. पण ती यादीतल्या शब्दांनाच लागते, शोधायच्या शब्दाला लागत नाही. त्याचं रूपांतर आपणच करून द्यायचं. हे न वाचता वापरणारे मला दर वर्षी भेटतात.

तक्ता बसवल्यावर बाईंसमोर यादीतला प्रत्येक शब्द त्याच यादीत शोधायला लावला. यंत्राने सगळे शब्द दाखवले. बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, “मग माझी कार्डं बरोबर होती ना?”