तीन अधिक एक की दोन अधिक दोन?

आवर्त सारणीच्या एकाच उभ्या रांगेत कार्बन, सिलिकॉन, जर्मेनियम, कथील आणि शिसे ही पाच मूलद्रव्ये येतात. पाचही अणूंच्या सर्वांत बाहेरच्या कवचात दोन पी-इलेक्ट्रॉन असतात. त्यांतला एक उचलून पुढच्या कवचातल्या एस-कक्षेत ठेवला, तर प्रत्येक अणूत नेमक्या चार ऊर्जापातळ्या तयार होतात. रचना तीच आणि पातळ्यांची संख्याही तीच, पण वर्णपटावरून या पातळ्या मांडल्या की कार्बनमध्ये तीन पातळ्या एकमेकींना खेटून असतात आणि चौथी दूर वर असते. शिशामध्ये मात्र दोन खाली आणि दोन खूप वर, अशा दोन जोड्या दिसतात. मधल्या तीन मूलद्रव्यांत एक चित्र हळूहळू दुसऱ्यात बदलत जाते.

या बदलामागे दोन परिणामांची चढाओढ आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉनला दोन प्रकारचा कोनीय संवेग असतो. एक त्याच्या कक्षेतल्या फिरण्याचा आणि दुसरा त्याचा स्वतःचा, म्हणजे स्पिनचा. पहिला परिणाम दोन इलेक्ट्रॉनांमधल्या विद्युत प्रतिकर्षणाचा. दोघांचे स्पिन समांतर असले की पाउलीच्या नियमानुसार ते एकमेकांपासून अधिक दूर राहतात, प्रतिकर्षण कमी होते आणि पातळी खाली येते. दुसरा परिणाम चुंबकीय आहे. केंद्रकाच्या विद्युत क्षेत्रातून वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनला चुंबकीय क्षेत्र जाणवते आणि त्यात त्याचाच स्पिन वळू पाहतो. याला स्पिन-कक्षा आंतरक्रिया म्हणतात.

प्रतिकर्षण बलवान असेल तर आधी दोन्ही इलेक्ट्रॉनांचे कक्षीय संवेग एकत्र येतात, दोन्ही स्पिन एकत्र येतात, आणि या दोन बेरजा शेवटी एकमेकींशी जुळतात. हे एलएस युग्मन. हेन्री नॉरिस रसेल आणि फ्रेडरिक साँडर्स यांनी १९२५ मध्ये कॅल्शियमसारख्या मूलद्रव्यांच्या वर्णपटांवर काम करताना ते मांडले, म्हणून त्याला त्यांचेही नाव आहे. स्पिन-कक्षा आंतरक्रिया बलवान असेल तर क्रम उलटतो. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा स्पिन आधी स्वतःच्याच कक्षेशी बांधला जातो आणि मग दोन इलेक्ट्रॉन एकत्र येतात. हे जेजे युग्मन.

कार्बनची पी-एस रचना पहिल्या प्रकारची आहे, हे आकडे सांगतात. वर्णपटशास्त्रात ऊर्जा तरंगसंख्येत, म्हणजे एका सेंटीमीटरात किती तरंग मावतात या मापाने देतात. पुढचे सगळे ऊर्जेचे आकडे त्याच मापातले आहेत. कार्बनच्या खालच्या तीन पातळ्यांचा एकूण कोनीय संवेग, म्हणजे जे, अनुक्रमे ०, १ आणि २ आहे. त्यांच्यातली अंतरे सुमारे १९ आणि ४०. आल्फ्रेड लांडे यांच्या नियमानुसार एलएस युग्मनात लागोपाठच्या पातळ्यांमधले अंतर त्यांतल्या मोठ्या जे-च्या प्रमाणात असते, म्हणजे इथे १ ला २. प्रत्यक्ष गुणोत्तर २.१ येते. चौथी पातळी, पुन्हा जे १ असलेली, त्रिकाच्या वर सुमारे १,५९० वर आहे. एलएस युग्मनाची खूण अशीच असते: घट्ट त्रिक, अंतरांत दुपटीचे नाते आणि एकटी दूरची पातळी.

आता तेच गुणोत्तर खाली मोजत जाऊ. सिलिकॉनमध्ये ते २.५ होते, जर्मेनियममध्ये ५.६, कथिलात जवळजवळ १४ आणि शिशात ३९. शिशात ० आणि १ या पातळ्या फक्त ३२७ अंतरावर आहेत. त्यानंतर सुमारे १२,९०० ची दरी आहे आणि पलीकडे जे २ आणि उरलेली जे १ या पातळ्या १,२५० अंतरावर आहेत. त्रिक फुटून त्यातली वरची पातळी एकट्या पातळीला जाऊन मिळाली आहे.

असे का होते, ते दोन संख्यांनी मोजता येते. सोप्या सिद्धांतात या चार पातळ्यांची मांडणी प्रतिकर्षणातून येणारी एक ऊर्जा आणि स्पिन-कक्षा आंतरक्रियेची एक ऊर्जा यांवर ठरते. मोजलेल्या पातळ्यांवरून हिशेब केला तर कार्बनसाठी पहिली सुमारे ८०० आणि दुसरी फक्त ४० येते. शिशासाठी पहिली पुन्हा ८०० च्या जवळपास राहते, पण दुसरी ८,८०० वर जाते. म्हणजे प्रतिकर्षण दुबळे झालेले नाही. बाहेरच्या दोन इलेक्ट्रॉनांमधले अंतर या अणूंमध्ये फारसे बदलत नाही, म्हणून ती ऊर्जा पाचही मूलद्रव्यांत शेकड्यांतच राहते. वाढते ती स्पिन-कक्षा आंतरक्रिया, कारण पी-इलेक्ट्रॉन अधूनमधून आतल्या कवचांना भेदून केंद्रकाजवळ जातो. तिथे त्याला कार्बनमध्ये ६, तर शिशात जवळपास ८२ इतका धनभार जाणवतो. सिलिकॉनमध्ये या दोन ऊर्जा सुमारे ५६० आणि १८० आहेत, जर्मेनियममध्ये ५८० आणि १,११०. पारडे या दोघांच्या दरम्यान कुठेतरी फिरते.

शिशातली दरी खरोखर एकट्या पी-इलेक्ट्रॉनचीच आहे का, हे तपासण्याची सरळ युक्ती आहे. बाहेरचा एस-इलेक्ट्रॉन पूर्ण काढून टाकायचा. उरलेल्या शिशाच्या आयनात एकच पी-इलेक्ट्रॉन असतो आणि स्पिन कक्षेशी कोणत्या बाजूने जुळला यावरून त्याच्या दोन पातळ्या होतात. त्यांच्यातले अंतर १४,०८१ आहे. अणूतल्या दोन जोड्यांच्या मध्यांमधले अंतर साडेतेरा हजारांच्या आसपास येते. म्हणजे मुख्य दरी आयनाचीच. एस-इलेक्ट्रॉन फक्त प्रत्येक पातळीचे दोन जवळजवळचे तुकडे करतो.

दुसरा पुरावा चुंबकीय क्षेत्रातून मिळतो. चुंबकीय क्षेत्रात पातळी किती फाकते हे लांडेच्या जी-गुणकावरून कळते. खालच्या जे १ पातळीसाठी एलएस चित्र १.५ सांगते आणि जेजे चित्र १.३३. शिशात मोजलेली किंमत १.३५ आहे.

मात्र पातळ्यांची मांडणी एलएससारखी दिसली म्हणजे एलएसचे सर्व नियम पाळले जातात, असे नाही. एलएसमध्ये स्पिनची बेरीज बदलणारी उडी निषिद्ध असते. पाऱ्याच्या एस-पी त्रिकात अंतरांचे गुणोत्तर २.६ आहे, म्हणजे जेजे चित्र अजून बरेच दूर आहे. तरीही त्रिकातल्या जे १ पातळीत दूरच्या एकट्या पातळीची थोडी भेसळ होते आणि तेवढ्याने निषिद्ध रेषा जोरात उमटते. ही २५३.७ नॅनोमीटरची अतिनील रेषाच ट्यूबलाइटच्या आतल्या पांढऱ्या लेपाला चमकवते. मॅग्नेशियमची तशीच पातळी काही मिलिसेकंद टिकते, पाऱ्याची मात्र सेकंदाच्या कोट्यंशांत रिकामी होते.

ऊर्जापातळ्यांच्या सारण्यांत शिशासाठीही अनेकदा एलएसची नावे छापलेली असतात. तिथे ती केवळ ओळखीपुरती असतात. दोन्ही टोकांना आणि मधल्या सगळ्या प्रवासात अबाधित राहतो तो फक्त जे: ०, १, १, २. जर्मेनियमच्या दोन जे १ पातळ्यांना तर एलएसचे नाव पुरेसे नाही आणि जेजेचेही नाही, कारण दोघींत दोन्ही चित्रांचे मिश्रण आहे. अशा अणूपुढे नाव विचारण्याआधी अंतरांचे गुणोत्तर काढावे आणि ते आयनातल्या अंतराशेजारी ठेवून पाहावे. मिश्रण किती आहे, ते त्यातूनच कळते.