दारूने बिघडलेले यकृत कुठून परत येते

रोज संध्याकाळी एक क्वार्टर घेणारा बेचाळीस वर्षांचा एक माणूस उदाहरणादाखल धरू. १८० मिलिलिटरच्या त्याच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते, म्हणजे रोज सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल त्याच्या पोटात जाते. कंपनीच्या आरोग्य तपासणीत त्याची सोनोग्राफी होते आणि अहवाल येतो: फॅटी लिव्हर, ग्रेड १. दुखत-खुपत काहीच नसल्यामुळे तो कागद कपाटात जातो. ‘ग्रेड १ म्हणजे सुरुवातच आहे’ असे घरातले सगळे समजतात.

हा समज धोक्याचा आहे. सोनोग्राफीतला ग्रेड यकृत पडद्यावर किती पांढरट दिसते, म्हणजे साधारण चरबी किती आहे, एवढेच सांगतो. त्या चरबीमागे सूज आहे का, व्रण धरले आहेत का, हे त्यातून कळत नाही. उलट आजार सिरोसिसपर्यंत गेला की चरबी पुष्कळदा कमीच होते.

मुळात चरबी साठते कशी? अल्कोहोल साठवून ठेवायला शरीरात जागा नाही, म्हणून यकृत बाकीची कामे बाजूला ठेवून आधी ते जाळते. तेवढा वेळ चरबी जळायची थांबते, शिवाय नवी चरबी तयार होण्याला जोर येतो. तिचे थेंब यकृताच्या पेशींत साचत जातात. रोज भरपूर पिणाऱ्या बहुतेक सगळ्यांत ही अवस्था येतेच. पण इथे पेशी जिवंत असतात आणि यकृताची घडण शाबूत असते. त्यामुळे दारू पूर्ण बंद केली तर दोन ते सहा आठवड्यांत ही चरबी बहुधा निघून जाते. कपाटात गेलेल्या त्या कागदाचे खरे मोल इथे आहे. त्याच वेळी फायब्रोस्कॅन करून यकृत किती कडक झाले आहे ते पाहिले असते, तर माणूस नेमका कुठे उभा आहे ते कळले असते. मात्र ही तपासणी दारू चालू असताना केली, तर सुजेमुळेही आकडा फुगतो. म्हणून काही आठवडे दारू बंद ठेवून ती पुन्हा करावी लागते.

आपला माणूस पीत राहतो. अल्कोहोल जळताना अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य तयार होते आणि ते पेशींना इजा करते. दारूने आतड्याचे अस्तरही सैल होते, तिथल्या जंतूंचे विष रक्तावाटे यकृतात पोचते आणि शरीराच्या संरक्षक पेशी तिथे धावून येतात. यकृताच्या पेशी फुगतात, मरू लागतात. हा दारूचा हिपॅटायटिस. रक्ततपासणीत एसजीओटी हा एसजीपीटीच्या दुप्पट किंवा जास्त दिसतो, पण दोन्ही आकडे सहसा चारशेच्या आतच राहतात. ते हजारांत गेले, तर विषाणू किंवा एखादे औषध असे दुसरे कारण शोधावे लागते.

ही सूज वर्षानुवर्षे गुपचूप चालू राहू शकते. कधी मात्र ती एकदम भडकते, आणि आपल्या माणसाच्या बाबतीत तसेच होते. डोळे पिवळे होतात, ताप येतो, अन्नावरची वासना जाते, पोट फुगते. घरचे म्हणतात, कावीळ झाली आहे. मग कावीळ उतरवणाऱ्याकडची मुळी, उसाचा रस आणि कडक पथ्य सुरू होते: डाळ नाही, दूध नाही, तेल-तूप नाही. मला सगळ्यात जास्त काळजी या पंधरा दिवसांची वाटते. दारू पिणाऱ्याचे स्नायू आधीच झडलेले असतात. त्याला प्रथिने जास्त लागतात, साधारण वजनाच्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम, आणि आपण नेमकी तीच तोडतो. झाडपाल्यातले काही घटक यकृताला स्वतःच इजा करतात. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले आहेत.

रुग्णालयात पोचल्यावर गांभीर्य मोजायची एक जुनी पण सोपी रीत आहे. रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते पाहतात. समजा निरोगी माणसाला १२ लागतात आणि याला २०. फरक ८ चा. त्याला ४.६ ने गुणले की ३६.८ होतात. त्यात बिलिरुबिनचा आकडा, समजा १२, मिळवला की ४८.८. बत्तीस किंवा त्याच्या वर गेले की आजार गंभीर. अशा रुग्णांपैकी पुष्कळजण पहिल्या एक-दोन महिन्यांतच दगावतात. जंतुसंसर्ग नाही याची खात्री करून अनेकदा स्टेरॉइड देतात. सातव्या दिवशी बिलिरुबिन उतरते आहे का ते बघतात आणि फरक नसेल तर औषध थांबवतात.

इथे नातेवाइकांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यायला हवी. दारू सोडल्यावरही पहिले काही दिवस, कधी काही आठवडे, कावीळ वाढू शकते. ‘सोडली म्हणूनच बिघडला’ असे म्हणत कोणी त्याच्या हाती पुन्हा ग्लास देऊ नये. दुसरे असे की रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडली, तर हात थरथरणे, आकडी, दोन-चार दिवसांत भ्रम असे जिवावरचे प्रकार होतात. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीत, योग्य औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन सोडवावी लागते. या टप्प्यातून वाचलेला आणि पुन्हा न प्यालेला माणूस काही महिन्यांत बऱ्यापैकी सावरतो. सूज पूर्ण उतरू शकते.

उरतात ते व्रण. यकृतात ‘अ’ जीवनसत्त्व साठवणाऱ्या काही पेशी असतात. सतत सूज राहिली की त्या आपले काम सोडून चिवट तंतू विणू लागतात. सुरुवातीचे पातळ तंतू दारू थांबल्यावर शरीर स्वतःच विरघळवते, पण त्याला महिने नव्हे तर वर्षे लागतात. तंतूंचे पट्टे जाड होऊन यकृत गाठीगाठींचे झाले की त्याला सिरोसिस म्हणतात. मग रक्ताला वाट मिळत नाही, आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतला दाब चढतो आणि रक्तातल्या प्लेटलेट्स कमी होऊ लागतात. जास्त पिणाऱ्यांपैकी साधारण दहा ते वीस टक्के लोक इथवर येतात. स्त्रिया कमी दारूतही येतात आणि लठ्ठपणा किंवा हिपॅटायटिस सी जोडीला असेल तर वाट आणखी आखूड होते.

सिरोसिस म्हणजे सगळे संपले, हे मात्र खरे नाही. जलोदर, रक्ताची उलटी, कावीळ किंवा भ्रम यांतले काहीच झालेले नसेल, तर दारू सोडून माणूस अनेक वर्षे काम करू शकतो. यांतले काही झालेले असले, तरी दारू सोडणारे न सोडणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त जगतात. गाठी बहुधा राहतात, पण उरलेल्या पेशी काम उचलतात. लघवीच्या गोळ्यांशिवाय पोटात पाणी नाही, भ्रम नाही, रक्तस्राव नाही आणि रक्ताचे आकडे सुधारलेले, असे सलग बारा महिने गेले, तर यकृत पुन्हा सावरले असे डॉक्टर मानतात. काहींच्या बाबतीत मग प्रत्यारोपणाची गरजही टळते. तरीही यकृताच्या कर्करोगाचा धोका पूर्ण जात नाही. म्हणून प्रकृती कितीही चांगली वाटली, तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावीच लागते.