सुताच्या हिशेबातील दोन तफावती

सोलापुरी चादर विणणाऱ्या एखाद्या मध्यम कारखान्याच्या दफ्तरात महिनाअखेरीस जो जमाखर्च मांडला जातो, त्यात सुतावर झालेला खर्च एकाच आकड्याने दाखविण्याची रीत आजही पुष्कळ ठिकाणी आढळते. आणि तो आकडा अपेक्षेहून मोठा निघाला, तर मालकाचा रोष बहुधा विणकरावर ओढवतो, कारण सूत त्याच्याच मागावर संपलेले असते. हा रोष योग्य ठिकाणी पडतो की नाही, हे त्या एका आकड्यावरून कळण्याचा संभव नाही. खर्च म्हणजे दर आणि परिमाण यांचा गुणाकार. दर ठरविणारा माणूस खरेदीखात्यात बसतो, परिमाण ठरते मागावर, आणि गुणाकार होताच दोघांच्या कृती एकमेकींत मिसळून जातात. जी. चार्टर हॅरिसन या हिशेबतज्ज्ञाने १९१८-१९ मध्ये अमेरिकेत जी लेखमाला लिहिली, तीत प्रत्यक्ष खर्च आधी ठरविलेल्या प्रमाणाशी ताडून पाहण्याची पद्धत तपशिलाने मांडली होती. हा मिसळलेला खर्च पुन्हा सुटा करण्याचे साधन त्याच पद्धतीत आहे.

या पद्धतीत काम सुरू होण्यापूर्वीच दोन गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात. उदाहरणादाखल असे मानू की, एका चादरीला १ किलो २०० ग्रॅम सूत लागावे, त्यापैकी १ किलो १५० ग्रॅम चादरीत उतरावे आणि ५० ग्रॅम विणकामातील अपरिहार्य तूट म्हणून सोडून द्यावे, असे प्रमाण ठरले आहे. आणि सुताचा प्रमाणदर किलोला २०० रुपये धरला आहे. म्हणजे चादरीमागे सुताचा प्रमाणखर्च २४० रुपये झाला. आता महिना संपला. चादरी विणल्या १,०००. सूत खपले १,३०० किलो. आणि ते किलोला १९० रुपये दराने खरेदी केलेले होते. प्रत्यक्ष खर्च २,४७,००० रुपये, प्रमाणखर्च २,४०,००० रुपये. एकूण तफावत ७,००० रुपयांची, आणि ती प्रतिकूल.

या सात हजारांची फोड करताना पहिला प्रश्न दराचा. प्रमाणदरापेक्षा किलोमागे १० रुपये कमी द्यावे लागले, आणि सूत खपले १,३०० किलो, म्हणून किंमत-विचलन १३,००० रुपये. प्रत्यक्ष खर्च प्रमाणाहून कमी झाल्यामुळे ते अनुकूल होय. दुसरा प्रश्न वापराचा. हजार चादरींना १,२०० किलो सूत पुरावयास हवे होते. १०० किलो अधिक लागले, आणि हे अधिक सूत प्रमाणदराने, म्हणजे २०० रुपयांनी मोजले असता वापर-विचलन २०,००० रुपये येते. ते प्रतिकूल होय. वीस हजारांच्या तोट्यातून तेरा हजारांचा लाभ वजा केला की सात हजारच उरतात, म्हणजे बेरीज जुळली.

येथे विचारी वाचक एक शंका काढील आणि ती रास्त आहे: अधिक खपलेले सूत १९० रुपयांनी घेतलेले असता ते २०० रुपयांनी का मोजावयाचे? कारण असे की, मागावरच्या मुकादमाला बाजारभावाशी काही कर्तव्य नसते. त्याच्या हातून १०० किलो सूत अधिक गेले, एवढीच त्याची जबाबदारी, आणि खरेदी स्वस्त झाली म्हणून ती हलकी होऊ नये, महाग झाली म्हणून जड होऊ नये. या शंभर किलोंवर दरातील १० रुपयांचा जो फरक पडतो, तो १,००० रुपयांचा कोपरा खरे पाहता दोन्ही कारणांच्या संयोगातून जन्मलेला असतो. परंतु संकेताने तो किंमत-विचलनात घालतात.

मोजणीत आणखी एक चूक फार वेळा होते, आणि ती निकाल पार उलटा करते. समजा, महिन्याच्या आरंभी १,१०० चादरींचा संकल्प होता. त्या संकल्पाप्रमाणे १,३२० किलो सूत मंजूर होते आणि खपले १,३००. तेव्हा २० किलोंची बचत झाली, असे सांगणारा हिशेबनीस प्रामाणिक असूनही फसलेला असतो. न विणलेल्या शंभर चादरींचे सूत बचतीत धरता येत नाही. प्रमाण-परिमाण नेहमी प्रत्यक्ष उत्पादनावरूनच काढले पाहिजे.

अनुकूल व प्रतिकूल या शब्दांचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा लागतो, कारण वाचणारा त्यांत चटकन शाबासकी आणि ठपका पाहू लागतो. त्यांचा अर्थ इतकाच की, प्रत्यक्ष खर्च प्रमाणापेक्षा कमी झाला की जास्त. आपल्या उदाहरणात तेरा हजारांचे श्रेय खरेदी-अधिकाऱ्याला आणि वीस हजारांचा दोष विणकरांना देऊन दफ्तर बंद केले, तर तो उघड अन्याय होईल. आणि तो अन्याय आहे हे तराजूच दाखवून देतो. तयार चादरी वजन केल्या असता प्रत्येकी १ किलो १७० ग्रॅम भरल्या. म्हणजे सूत सांगितल्या काउंटापेक्षा जाड होते आणि २० किलो सूत चादरींतच अधिक गेले. तुटीची पोती मोजली तेव्हा मंजूर ५० किलोंऐवजी ११८ किलो भरली. धागा कमजोर असल्यामुळे तो मागावर वारंवार तुटत होता. उरलेल्या १२ किलोंचा पत्ता चादरींतही लागेना आणि पोत्यांतही लागेना. कापसाचे सूत हवेतील ओलावा शोषते. गुदामातील शिल्लक कांड्या पुन्हा तोलून पाहिल्यावर असे दिसले की, ओलसर स्थितीत तोलून घेतलेले सूत पुढे वाळले होते, आणि कारखान्याने पाण्याचे पैसे सुताच्या भावाने दिले होते. ही पडताळणी जेथे होत नाही, तेथे असे हरवलेले वजन चोरीच्या संशयाने कामगारांच्या माथी मारले जाते, ही माझ्या मते या सबंध विषयातील सर्वांत खेदाची गोष्ट आहे.

तेव्हा जाडी, कमजोरी आणि ओलावा ही तिन्ही कारणे सुताबरोबरच कारखान्यात आली. वापर-विचलन मागावर उमटले, परंतु त्याचे मूळ खरेदीच्या दस्तऐवजात होते; अनुकूल विचलनाने आपल्याच पाठोपाठ प्रतिकूल विचलन आणले. याच्या उलटही घडते: विणकाम खरोखर निष्काळजीपणे झाले असेल, तर सूत उत्तम असूनही पोती भरतात, आणि तेव्हा एकाच सुतावर चालणाऱ्या निरनिराळ्या मागांची तूट भिन्न निघते. सर्व मागांवर ती सारखीच वाढली असेल, तर संशय सुताकडे वळवावा.

किलोमागील दहा रुपयांकडेही एकदा पुन्हा पाहिले पाहिजे. प्रमाणदर वर्षारंभी ठरविलेला असतो, आणि बाजार त्यासाठी थांबत नाही. त्या महिन्यात ठरलेल्या प्रतीचे चांगले सूत १९२ रुपयांना मिळत होते, असे धरले, तर दहांपैकी आठ रुपये बाजाराने आपण होऊन दिले. हलके सूत निवडून अधिकाऱ्याने वाचविले ते किलोला दोनच रुपये, म्हणजे १,३०० किलोंवर २,६०० रुपये, आणि त्यापायी वीस हजारांचे सूत अधिक खपले.

मग हलके सूत कधीच घेऊ नये काय? तसे म्हणता येणार नाही. त्याचा भाव किती असावयास हवा होता, हे या आकड्यांवरूनच काढता येते. चांगल्या सुताने चादरीमागे १ किलो २०० ग्रॅम गुणिले १९२, म्हणजे २३० रुपये ४० पैसे खर्च आला असता. हलके सूत चादरीमागे १ किलो ३०० ग्रॅम लागते. म्हणून ते १७७ रुपये २३ पैशांच्या आत मिळाले असते, तरच त्याचा सौदा फायद्याचा ठरला असता, आणि यात धागा जोडण्यासाठी थांबलेल्या मागाचा वेळ अजून धरलेलाच नाही.