मिरचीविना चव: रिफ्लक्स असणाऱ्यांसाठी दुधी-मुगाची आमटी

- रिफ्लक्स म्हणजे: अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते आणि जठरातले आम्ल वर येते.
- काय वगळले: मिरची, टोमॅटो, चिंच आणि कांदा. पुदिनाही नाही, कारण तो झडप सैल करू शकतो.
- दोघांसाठी कृती: अर्धी वाटी मूगडाळ आणि दीड वाटी दुधीच्या फोडी हळद घालून मऊ शिजवा. 1 चमचा तुपात जिरे, हिंग, कढीपत्ता आणि किसलेले आले परतून ही फोडणी वरून ओता. मीठ, कोथिंबीर आणि थोडे ओले खोबरे घाला.
- वेळ: झोपण्याच्या 2 ते 3 तास आधी जेवा.
- मर्यादा: त्रासदायक पदार्थ व्यक्तीनुसार बदलतात. घास अडकत असेल किंवा वजन घटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.