पाच तारे, पण कुणाचे?

समजा, आपल्या गटाला उन्हाळ्यासाठी शेवयांचं यंत्र घ्यायचं आहे. मोबाईलवर एक यंत्र दिसतं, साडेचार तारे, खाली ऐंशी जणांचे रिव्ह्यू. पैसे गटाचे आहेत, तेव्हा आधी हे रिव्ह्यू जरा पाखडून बघू.

पहिल्यांदा तारखा बघायच्या. रिव्ह्यू लावताना ‘सर्वात नवे आधी’ असं निवडा आणि खाली खाली जा. समजा ऐंशीतले पन्नास मार्चच्या तीन ते सहा तारखेचे निघाले, आणि त्याआधी-नंतर आठवड्याला एखाद-दुसरा, तर शंका घ्या. सेल लागला की विक्री वाढते, हे खरं. पण तेव्हा माल वेगवेगळ्या दिवशी घरी पोचतो, माणसं वापरून मग लिहितात, म्हणून रिव्ह्यू पुढे दोन-तीन आठवडे विखरून येतात. चार दिवसांत येऊन एकदम बंद होत नाहीत.

आता त्या पन्नासांतला मजकूर वाचा. “अप्रतिम यंत्र, पैसे वसूल, सर्वांनी जरूर घ्या.” हे मिक्सरलाही चालेल आणि चादरीलाही! आता दुसरा बघा: “पीठ घट्ट झालं की मोटर तापते, थोडं थांबावं लागतं. बारीक जाळीत पीठ वाळलं तर सुईने काढावं लागतं. बाकी काम चांगलं.” ही बाई यंत्रापाशी बसलेली आहे. तिने तक्रार केली, तरी चार तारे दिले. मला असे चार तारे कोरड्या पाचांपेक्षा जास्त भरवशाचे वाटतात. मात्र नुसतं “छान आहे” लिहिणारी प्रत्येक बाई खोटी नसते, आपणही तेवढंच लिहितो की. म्हणून एका रिव्ह्यूवरून ठरवू नका.

भाषेत मात्र चोर सापडतो. वेगवेगळ्या नावांखाली तेच वाक्य, किंवा प्रत्येकात कंपनीचं आणि मॉडेलचं पूर्ण नाव जसंच्या तसं. घरात आपण “यंत्र” म्हणतो, जाहिरातीसारखं लांबलचक नाव कोण घेतं?

‘खरेदी केल्याची खात्री’ अशी खूण दिसली तरी तेवढ्यावर जाऊ नका. काही विक्रेते खोक्यात चिठ्ठी टाकतात: पाच तारे द्या, फोटो पाठवा, पैसे परत मिळवा. म्हणजे खरेदी खरी, मत विकत घेतलेलं. उलट, स्पर्धकाने टाकलेला खोटा एक ताराही असतो. म्हणून दोन-तीन तारेवाले आधी वाचा. तीन जणींनी वेगवेगळ्या महिन्यांत, आपापल्या शब्दांत “मोटर जळाली” लिहिलं असेल, तर ते यंत्र सोडा.

भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी मानक काढलं, पण ते काढलं तेव्हा ऐच्छिक होतं. अशी चिठ्ठी तुमच्या खोक्यात निघाली, तर फोटो काढून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर कळवा.