मेलेल्या नोडची पाटी

५०, ३०, ७०, २०, ४०, ६०, ८०. हे सात आकडे एका बायनरी सर्च ट्रीमध्ये बसवले, तर मुळाशी ५०, त्याच्या डावीकडे सगळे लहान, उजवीकडे सगळे मोठे. आता ५० काढायचा आहे. खरोखर उचलला तर त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं लोंबकळत राहतील, म्हणून ५० च्या लगतचा मोठा आकडा, म्हणजे ६०, शोधून मुळाशी आणावा लागतो. ही रीत नीट आहे, पण झाड स्वतःला तोलत असेल तर नोड गेल्यावर तोलही सावरावा लागतो आणि कोड लांबत जातो. कंटाळलेले प्रोग्रामर म्हणूनच आळशी वाट धरतात: नोड हलवायचाच नाही, त्याच्यावर ‘मृत’ अशी खूण करून पुढे जायचं.

खूण केलेला ५० कामाचा मात्र राहतो. ६० शोधणारा मुळाशी येतो, ५० पेक्षा मोठा म्हणून उजवीकडे वळतो, ७० वरून डावीकडे जाऊन ६० गाठतो. बंद पडलेल्या हॉटेलची पाटी वाट सांगायला उपयोगी पडते, तसंच हे. फक्त ५० च शोधणाऱ्याला नोड सापडला तरी ‘नाही’ म्हणायचं. ५० पुन्हा घालायचा झाल्यास खूण पुसली की झालं. पण नोडाला चिकटलेली माहिती त्याच वेळी बदलायला हवी. ते विसरलं की मेलेल्या ग्राहकाचा जुना पत्ता नव्या ग्राहकाच्या नावावर उठतो.

मग झाड मेलेल्यांनी भरलं की शोध मंदावतो का? वाटतं त्यापेक्षा फारच कमी. तोल राखलेल्या २० मजल्यांच्या झाडात १०,४८,५७५ नोड मावतात. त्यातले ५,२४,२८८ मेले, तर उरतात ५,२४,२८७ आणि त्यांचं नवं झाड १९ मजल्यांचं होईल. निम्मं झाड मेलं, तरी शोधाला फक्त एक पायरी जास्त! जिवंत १,०२३ च उरले, तर २० पायऱ्या पडतात, नव्या झाडात १० पुरल्या असत्या. तेव्हाही वेळ फार तर दुप्पट. इथे खरी नासाडी होते ती मेमरीची.

दुखणं दुसरीकडे आहे. टोकन देणारी एखादी रांग घ्या: सर्वांत लहान क्रमांक काढायचा, खूण करायची, पुढचा सर्वांत लहान मागायचा. मेलेले सगळे डाव्या टोकाला साठतात. लहानात लहान जिवंत आकडा हवा असेल तर आधी त्या लाखो मृतांमधून चालत जावं लागतं, आणि दर टोकनाला पुन्हा तेच. ‘१०० ते २०० मधलं सगळं द्या’ असं मागितलं तरी हीच गत होऊ शकते. उतारा साधा आहे. प्रत्येक नोडाशी आपल्या खालच्या जिवंतांची संख्या ठेवायची आणि शून्य दिसलं की ती फांदीच ओलांडायची. काढताना मुळापासूनच्या वाटेवरची प्रत्येक संख्या एकने कमी होते. मात्र तो आकडा जिवंत आहे ना, हे आधी तपासावं. एकच आकडा दोनदा काढला गेला, तर संख्या खोटी पडते आणि जिवंत नोड असलेली फांदीही रिकामी समजून टाळली जाते. झाड पूर्ण फिरून केलेली मोजणी मुळावरच्या संख्येशी जुळत नसेल, तर शंका इथेच घ्यावी.

पुनर्बांधणी कधी करायची? रूढ नियम: मृत निम्म्यावर गेले की. झाड क्रमाने फिरून जिवंत आकडे एका यादीत ओळीने मांडायचे, मधला मुळाशी ठेवायचा, दोन्ही अर्ध्यांना तसंच करायचं. वरच्या उदाहरणात साडेदहा लाख नोडांवरून एकदा फिरणं आणि सव्वापाच लाख नवे बसवणं, एवढं काम होतं. ते आधीच्या ५,२४,२८८ काढण्यांवर वाटलं, तर प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम तीन नोडांचं काम येतं. उंबरठा दहा टक्क्यांवर आणला, तर मेमरी वाचते, पण प्रत्येक काढण्याच्या वाट्याला येणारं काम सुमारे सहापट होतं, आणि शोधाला मिळणारा फायदा नगण्य.

सरासरी छान असली, तरी ती एकदाची बांधणी कुणाच्या तरी क्लिकवर येऊन पडते आणि सगळे थांबतात. डच संगणकशास्त्रज्ञ मार्क ओव्हरमार्स (गेममेकर हे खेळ बनवण्याचं साधनही त्यांचंच) यांनी १९८३ च्या पुस्तकात यावर तोड मांडली: जुनं झाड चालू ठेवून नवं शेजारी थोडं थोडं उभारायचं, दरम्यानचे बदल वहीत नोंदवून नव्यावर चढवायचे आणि मग अदलाबदल करायची. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये २०१९ पासून मिळणारी `REINDEX CONCURRENTLY` ही आज्ञा याच वळणाची आहे. तिथे इंडेक्सचं एखादं पान पूर्ण रिकामं झाल्याशिवाय परत वापरात येत नाही, त्यामुळे इतस्ततः ओळी काढल्या की अर्धीमुर्धी पानं साठत जातात. चालू कामकाज न थांबवता नवा इंडेक्स बांधून जुना टाकण्यासाठी ही आज्ञा आहे, आणि त्या काळात डिस्कवर दोन्हींची जागा लागते.